खडू, मार्कर, हळद आणि स्कूटी: शाळेत रोज घालायचे पाच कुर्ते कसे निवडायचे

प्रश्न: मी नागपुरात एका खासगी शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते, आठवड्याचे सहा दिवस शाळा, रोज स्कूटीवर येणं-जाणं. खडू आणि मार्कर दोन्ही वापरते. दुपारपर्यंत ड्रेस चुरगळून जातो, त्यावर पेनाचे ठिपके, डब्यातल्या हळदीचे डाग. रोज इस्त्रीला वेळ नाही, साडीची सक्ती नाही. मोजकेच ड्रेस आलटून पालटून वापरायचे आहेत पण नीटनेटकं दिसलं पाहिजे. कुठलं कापड, कुठला रंग, कसं शिवून घेऊ?

उत्तर:

ताई, मी शिवणकाम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये शिक्षिकाच जास्त आहेत, त्यामुळे शाळेतून परत आलेले कुर्ते मी उलटसुलट करून खूप पाहिले आहेत, फिटिंगला, अल्टरला, बाही फाटली म्हणून. डाग कुठे पडतात ते जवळजवळ ठरलेलं असतं. उजव्या हाताच्या बाहीची कड, कारण ती फळ्याला घासते. पोटाच्या उंचीवर एक आडवी मळकी पट्टी, कारण पहिल्या बेंचला किंवा टेबलाच्या काठाला टेकून आपण उभ्या राहतो आणि तिथे खडूची भुकटी, धूळ, पोट्ट्यांच्या हाताचं सगळं असतं. आणि तिसरी जागा म्हणजे मांडी, तिथे वह्या तपासताना लाल पेन आणि डबा खाताना भाजीचं तेल. पाठीवर डाग कमी, पाठीचा प्रश्न घामाचा आणि चुरगळण्याचा. हे आधी सांगून राहिले कारण पुढचं सगळं यावरच आहे, डाग जिथे पडतात तिथे कापड काय आहे एवढं बघायचं.

रंगाचं आधी बोलू. बहुतेक जणी म्हणतात मळखाऊ रंग द्या आणि मग काळा, नेव्ही ब्लू नाहीतर गडद मरून घेऊन जातात. ऑफिसात बसणाऱ्या बाईला तो मळखाऊ, शिक्षिकेला नाही. काळ्यावर खडूचं एक बोट लागलं तरी शेवटच्या बेंचवरून दिसतं, आणि घाम वाळला की पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटते ती वेगळीच. पांढऱ्यावर, क्रीमवर खडू दिसत नाही पण पेन आणि हळद लगेच दिसते. आणि एकरंगी मधले रंग, म्हणजे आकाशी, फिकट राखाडी, ते घामासाठी सगळ्यात वाईट, ओलं झालं की कापड दोन शेड गडद होतं आणि काखेतला गोल लांबून दिसतो.

म्हणून एकरंगी कापड कुर्त्याला घेऊच नका. घ्यायचं ते तीन टोनचं बारीक प्रिंट: जमीन मधल्या रंगाची, म्हणजे ना फिकट ना गडद, तिच्यावर एक ऑफव्हाईट किंवा क्रीम ठिपका-बुट्टी, आणि एक गडद रेघ किंवा ठिपका, नेव्ही किंवा डार्क कॉफी. कारण सरळ आहे, खडू लागला तर तो क्रीम बुट्टीत मिसळतो, पेनाचा ठिपका गडद ठिपक्यांत हरवतो, आणि ओल्या जागेची कड प्रिंटमुळे तुटते म्हणून गोल दिसत नाही. तिन्हीपैकी एक टोन जरी नसला तरी त्या जातीचा डाग उघडा पडतो. जमीन मेहंदी, गेरू, राखाडी-निळा, मातकट कॉफी, वांगी अशी मळकट छटेतली घ्या. हळदीसाठी गेरू आणि मेहंदी सगळ्यात चांगले, पिवळा डाग पडलाच तर धुतल्यावर राहिलेली सावली त्यात दिसत नाही.

बुट्टी किती मोठी? नखाएवढी किंवा त्याहून बारीक. मोठ्या फुलांमध्ये मोकळी जमीन फार राहते आणि डाग नेमका त्या मोकळ्या जागेत बसतो. शिवाय २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको असंच आहे, तर बारीक बुट्टी मधल्या रंगात घेतली की तिकडूनही कोणी काही म्हणत नाही. तुमच्या शाळेने स्वतःचा रंग ठरवून दिला असेल तर तो आधी विचारून घ्या, त्याच रंगात तीन टोन शोधता येतात.

आता कापड. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. रेडिमेड कुर्त्यांत आजकाल रेयॉन खूप आहे, हाताला मऊ लागतं, पडतं छान, दुकानात अंगावर घातलं की आवडूनच जातं. पण रोज शाळेत घालायला मी कोणालाच रेयॉन सांगत नाही. ते पाणी खूप पितं, घामाने चटकन ओलं होतं, ओलं असताना कमजोर पडतं म्हणून काखेत आणि मांडीवर लवकर विरतं, धुतल्यावर आखडतं आणि बसून उठलं की मागे जाळंच जाळं. शुद्ध कॉटन अंगाला चांगलं यात वादच नाही, पण साधं पातळ कॅम्ब्रिक असेल तर ते शाळेत पोचेपर्यंतच चुरगळलेलं असतं.

का चुरगळतं ते नीट समजून घ्या म्हणजे उपाय आपोआप सुचतील. सुताचा धागा ओलावा घेतो, ओला आणि गरम झाला की नरम पडतो, आणि त्या अवस्थेत त्याला जसं दाबून ठेवलं तसाच वाळतो. इस्त्री करताना आपण हेच करतो, पाणी, उष्णता, दाब. स्कूटीच्या तापलेल्या सीटवर घामेजलेल्या कुर्त्यावर अर्धा तास बसलं तर सीटसुद्धा इस्त्रीचंच काम करते, फक्त घड्या घालून. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पितच नाही म्हणून त्यात चुरगळा धरत नाही, पण नागपूरच्या एप्रिलमध्ये पूर्ण पॉलिस्टर घालून पन्नास पोरांच्या वर्गात उभं राहणं म्हणजे शिक्षाच, घाम आतच राहतो आणि वासही धरतो.

मग मधला रस्ता दोन प्रकारचा आहे. एक म्हणजे कॉटन जास्त आणि पॉलिस्टर कमी असं मिक्स, साधारण साठ-चाळीस किंवा सत्तर-तीस. पॉलिस्टर अर्ध्याच्या वर गेलं की उन्हाळ्यात त्रास सुरू होतो, युनिफॉर्मचं टेरिकॉट बहुतेक पासष्ट-पस्तीसचं असतं आणि त्यात पॉलिस्टर पासष्ट असतं, ते पोरांच्या शर्टाला ठीक, तुम्हाला नको. दुसरा रस्ता म्हणजे शंभर टक्के कॉटन पण ज्याचा पोतच उंचसखल आहे असं. स्लब, ज्यात धागा मधेच जाड मधेच बारीक असतो. डॉबी, ज्यात विणतानाच बारीक दाणे किंवा चौकटी उठवलेल्या असतात. आणि सीअरसकर, ते तर विणतानाच बारीक सुरकुतलेलं असतं, त्याला इस्त्री लागतच नाही उलट इस्त्री केली तर बिघडतं. या कापडांना चुरगळा पडत नाही असं नाही, पडतो, पण पोतामध्ये डोळ्याला वेगळा दिसत नाही. मला स्वतःला कडक उन्हाळ्यासाठी सीअरसकर आणि पावसाळ्यासाठी मिक्स आवडतं, कारण पावसाळ्यात शुद्ध कॉटन वाळायला दोन दोन दिवस लागतात आणि कुबट वास येतो.

दुकानात कसं ओळखायचं? इतवारी, गांधीबागेत थानातून कापड घेत असाल तर फायदा हा की हात लावून बघता येतं आणि कतरण मागता येते. पहिली गोष्ट, कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरा, मनात दहा-पंधरा आकडे म्हणा आणि सोडा. लगेच उलगडलं आणि नुसत्या मऊ वळ्या राहिल्या तर चालेल. धारदार पांढुरक्या रेघा राहिल्या तर तिथेच ठेवून द्या, दुकानदार काहीही सांगो. हाताला थोडा घाम असताना केलं तर परीक्षा आणखी खरी होते. दुसरी गोष्ट, कडेचा एक धागा ओढून जाळून बघा, दुकानाबाहेर येऊन बघा म्हणजे झालं. कॉटन कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख होते जी बोटाने चुरता येते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिक्समध्ये दोन्ही दिसतं, थोडी राख आणि मधे टोचणारा बारीक मणी. प्रमाण किती ते यावरून कळणार नाही, पण शुद्ध कॉटन म्हणून मिक्स देऊन राहिले की काय एवढं तर कळतं. रेयॉनसुद्धा कॉटनसारखंच जळतं म्हणून त्या दोघांत फरक करायला मुठीची आणि पाण्याची परीक्षा धरा, रेयॉन ओलं केलं की धागा ओढल्यावर पटकन तुटतो.

तिसरी गोष्ट रंगाची. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमालावर रंग आला तर तो कुर्ता पहिल्या घामात तुमच्या आतल्या कपड्यांना रंगवणार. अजरख प्रिंट, दाबू प्रिंट म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात हे हमखास बघा, पुष्कळदा ते नुसतं वरून छापलेलं असतं, आणि मांडीवर, बगलेत घासून तिथलं प्रिंट आधी उडतं. कापड उलटं करून बघा, मागच्या बाजूला रंग अजिबातच उतरला नसेल तर ते वरवरचं प्रिंट आहे.

आणि आता मी जे माझ्याकडच्या बायकांना आवर्जून करायला लावते ते. वीतभर कतरण घरी आणा, एखाद-दुसरी नाही, जेवढी कापडं आवडली तेवढ्यांची. प्रत्येकीवर एका कोपऱ्यात खडूचं बोट ओढा, दुसऱ्या कोपऱ्यात बॉलपेनचा ठिपका, तिसऱ्यात भाजीच्या तर्रीचा थेंब, आणि मधोमध पाणी. भिंतीला टाचणीने लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा, आठ-दहा फुटांवरून, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेंचवरून पोरं बघतात तेवढ्या. जवळून सगळेच डाग दिसणार, त्याची काळजी नको. लांबून ज्या तुकड्यावर तुम्हाला डाग शोधावा लागतो तो घ्यायचा. मग तोच तुकडा धुवा, न पिळता दोरीवर टाका, वाळल्यावर इस्त्री न करता बघा कसा दिसतो, कारण तुम्ही तसंच घालणार आहात. एक संध्याकाळ जाते यात, पण पाच कुर्त्यांचं कापड वाया जाण्यापेक्षा बरं.

कापड किती लागेल तर ४४ इंच पन्ह्यात गुडघ्याइतक्या कुर्त्याला पाऊण बाहीसकट अडीच मीटर पुरतं, ३६ पन्हा असेल तर तीन मीटर धरा. कॉटन असेल तर शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवून मगच टेलरकडे द्या. काही टेलर म्हणतात आम्ही मार्जिन ठेवतो, पण मार्जिन रुंदीला ठेवता येतं, आखडल्यावर लांबी आणि बाही तर गेलीच ना.

शिवण्याबद्दल तीन-चार गोष्टी टेलरला नक्की सांगा, नाहीतर तो नेहमीचा फॅन्सी कट काढून देईल. बाही पाऊण, कोपराच्या खाली दोन इंच संपणारी. फुल बाही फळा पुसत जाते, आणि अगदी छोटी बाही वर हात केला की काख दाखवते, आपण तर दिवसभर हात वर करून लिहितो. बगलेत कळी घालून घ्या, म्हणजे चौकोनी तुकडा, त्याने हात वर केल्यावर पूर्ण कुर्ता वर ओढला जात नाही आणि घाम येणाऱ्या जागी कापड चिकटत नाही. आजकाल टेलर कळी टाळतात, वेळ लागतो म्हणून, पण मागितली की देतात. हिपला अंगाच्या मापापेक्षा चार-पाच इंच सैल ठेवा. बसल्यावर पोटाखाली ज्या आडव्या ओढलेल्या सुरकुत्या पडतात त्या कापडामुळे कमी आणि तंग हिपमुळे जास्त पडतात. आणि साईडचा कट हिपच्या हाडाच्या बरोबरीने सुरू होऊ द्या, त्याच्या खाली नाही, म्हणजे बसताना मागचा पल्ला मोकळा सरकतो.

अस्तर लावू नका. कापड पारदर्शक असेल तर कापडच बदला. अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं आखडतं, दोन-चार धुण्यांत घेराला झोल येतो आणि मग इस्त्री केली तरी नीट बसत नाही. पुढे योकला एकरंगी कापड लावायची हल्ली फॅशन आहे, तीही नको, तुमची मळकी पट्टी त्याच्या जवळपासच येते. बाहीच्या कडेला मात्र गडद टोनची पट्टी लावली तर चांगलं, मार्करचं काळं-निळं तिथेच जास्त लागतं. खिसा उजव्या शिवणीत घ्या आणि त्याला आतून दाट विणीचं गडद कापड लावायला सांगा, कारण टोपण सैल झालेला मार्कर खिशात पडला की बाहेर येणारा डाग कशानेच जात नाही. छातीवर खिसा नको.

खाली काय घालायचं? लेगिंग रोजच्यासाठी नको, गुडघ्यावर फुगते, रोवा धरते, आणि खडूची भुकटी तिच्यावर चिकटून बसते. मी सरळ पँट सांगते, पुरुषांच्या पँटीचं जे पॉलिस्टर-व्हिस्कोस सुटिंग असतं त्याची, दुकानात पीव्ही म्हणून मागा. ५८ पन्ह्यात सव्वा मीटर पुरतं. पुढे सपाट बेल्ट, मागे इलॅस्टिक. हे कापड चुरगळत नाही, रात्री धुतलं की सकाळी वाळतं, आणि खाली हवा लागते म्हणून पॉलिस्टर असूनही वरच्या कुर्त्याइतकं त्रास देत नाही. रंग एकरंगी दिसणारा पण दोन रंगांच्या धाग्यांनी विणलेला घ्या, जवळून बघितलं तर काळा-राखाडी किंवा कॉफी-क्रीम धागे मिसळलेले दिसतात. पावसात स्कूटीवरून उडालेला चिखल आणि खुर्चीची धूळ दोन्ही यात लपतात. ज्यांना पँट चालत नाही त्यांनी चुण्यांची कॉटन सलवार घ्या. चुण्यांमध्ये चुरगळा दिसतच नाही, मुळातच घड्या असतात. चुडीदार मात्र गुडघ्यावर ताणलं जातं.

ओढणीचं थोडक्यात सांगते. सक्ती असेल तर पूर्ण रुंदीची न घेता अर्ध्या रुंदीची, कुर्त्याच्याच गडद टोनची, दोन्ही खांद्यांवर पिन आणि कमरेच्या वर गाठ किंवा पिन. मोकळी ओढणी डब्यात, डस्टरवर आणि स्कूटीच्या चाकात जाते, चाकाचं तर फार जपा. सक्ती नसेल तर बिनबाह्यांचं पातळ जॅकेट बरं, डब्याच्या वेळी काढून ठेवता येतं.

आता तुमचा हिशोब करू. सहा दिवसांची शाळा आहे ना, मग कुर्ते पाच करा, सहा नाही. सहा केले तर दर सोमवारी तोच कुर्ता येतो आणि पोरांना वार पाठ होतो. पाच असले की सोमवारचा कुर्ता शनिवारी परत येतो, पुढच्या सोमवारी दुसरा नंबर, असं आपोआप सरकत जातं, लक्षात ठेवावं लागत नाही, कपाटात डावीकडून काढायचा आणि धुऊन उजवीकडे लावायचा. पाचही एकाच कटचे, एकाच मापाचे, म्हणजे टेलरकडे एकदाच फिटिंग. कापड असं धरा: दोन स्लब मिक्समध्ये, राखाडी-निळा आणि वांगी. एक डॉबी मेहंदी. दोन सीअरसकर किंवा जाड पोताचं कॉटन, गेरू आणि मातकट कॉफी. पँटी तीन, एक कॉफी, एक कोळशासारखी राखाडी, एक मधली तपकिरी-राखाडी, यातली तपकिरी-राखाडी पाचही कुर्त्यांवर जाते. दोन्ही सीअरसकर मार्च-एप्रिलमध्ये आणि शाळा सुरू होतानाच्या दिवसांत जास्त घालाल, जुलै ते सप्टेंबर मिक्सवर भर राहील, आणि थंडीत कुठलाही, वर स्वेटर येतो. आधी पाचही एकदम शिवू नका, एक शिवा, आठवडाभर घालून तीन-चारदा धुवा, मग बाकीचे द्या. बगल, बाही, कट यातलं काही खटकत असेल तर त्याच कुर्त्यात कळतं.

इस्त्रीशिवाय कसं निभेल तर सगळं वाळत घालण्यावर आहे. मशीनमध्ये ड्रायर कमीत कमी वर ठेवा, गच्च पिळलं की तिथेच चुरगळा पक्का होतो. पाणी थोडं निथळू दिल्यावर कुर्ता दोन्ही खांद्यांना धरून दोन-तीनदा जोरात झटका, रुंद हँगरवर घाला, मग हाताने घेर, बाह्या, कॉलरपट्टी ओढून सरळ करा आणि सावलीत टांगा. ओल्या कापडाचं वजनच त्याला सरळ करतं. दोरीवर मधोमध टाकला तर पोटावर आडवी रेघ पडते, ती घालताना अगदी समोर दिसते. नागपूरच्या उन्हात उलटा करूनसुद्धा रोज टाकू नका, एका उन्हाळ्यात खांद्यावरचा रंग उडून जुना दिसायला लागतो. संध्याकाळी घरी आल्यावर जो कुर्ता परत घालायचा आहे तो घडी करून ठेवू नका, हँगरवर टांगा, मागच्या चुरगळ्यावर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा आणि हाताने ओढा, सकाळपर्यंत बराचसा जातो. स्टार्च नको, स्टार्च केलेलं कापड सकाळी कडक सुंदर दिसतं पण स्कूटीवर जी घडी मोडते ती मग दिवसभर हलत नाही. आणि सीटवर बसताना मागचा पल्ला आधी उचलून बाजूला घ्या, कुर्त्यावर बसूच नका. एवढ्या एका सवयीने अर्धा चुरगळा वाचतो, खरंच सांगते.

डागांचं. खडू लागला तर ओल्या हाताने पुसायचं नाही, सगळ्या जणी हेच करतात, त्याने भुकटीचा लेप होऊन धाग्यात बसतो. कोरडाच झटका, नाहीतर कपड्यांच्या छोट्या ब्रशने वरून खाली काढा, पर्समध्ये ब्रश ठेवा. बॉलपेन आणि मार्कर दोघांनाही पाणी-साबण लागण्याआधी स्पिरिट हवं, स्पिरिट नसेल तर पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर चालतं, जेल नको. डागाखाली जुना पांढरा कपडा ठेवायचा, मागच्या बाजूने कापसाने टिपत टिपत जायचं, घासायचं नाही, खालचा कपडा शाई ओढून घेतो, तो सारखा जागा बदलत राहायचा. आधी कुर्त्याच्या आतल्या शिवणीवर थोडं लावून रंग जात नाही ना बघा. फळ्यावरचा मार्कर नुसत्या बोटाने पुसला जातो म्हणून कपड्यावरूनही जाईल असं वाटतं, पण फळा गुळगुळीत असतो, कापडात त्याचा रंगकण धाग्यांच्या मधे अडकतो, म्हणून काही वेळा फिकी सावली राहतेच. जेलपेनचं तर जवळजवळ जातच नाही, तेव्हा वह्या तपासायला लाल बॉलपेनच वापरा.

हळदीचा डाग साबण लावला की लालभडक होतो, घाबरू नका, ती हळदीचीच रीत आहे, धुऊन साबण निघाला की परत पिवळा होतो. आधी भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब लावून थंड पाण्यात तेल काढा, मग नेहमीसारखं धुवा, आणि तेवढा भाग ओला असताना उन्हात धरा. हळद उन्हात उडते, इथे आपलं ऊन कामाला येतं. फक्त तेवढाच भाग, पूर्ण कुर्ता नाही. कुठलाही डाग पूर्ण जायच्या आधी त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, मग तो कायमचा.

स्नेहसंमेलन, पालकसभा, १५ ऑगस्ट अशा दिवसांसाठी साडी लागेलच, तिलाही नियम हेच, बारीक बुट्टीची मिक्स कॉटन साडी, काठ गडद, आणि ब्लाऊज एकरंगी असला तर मधल्या रंगाचा नको, गडद रंगाचा घ्या. शुद्ध लिनन साडी दिसायला फार छान पण स्कूटीवर नेसून गेलात तर पोचेपर्यंत मागून बघवत नाही, त्या दिवशी ऑटो करा.

एक शेवटचं, वेळेचं. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि त्याआधीचे दोन-तीन आठवडे टेलरकडे युनिफॉर्मची एवढी गर्दी असते की तुमच्या कळीकडे आणि कटाकडे कोणी लक्ष देणार नाही. कतरणी एप्रिलमध्ये आणा, पहिला कुर्ता शाळा चालू असतानाच शिवून घालून बघा, बाकीचे चार मे महिन्यात शिवायला टाका. माप देताना आवडता जुना कुर्ता नेऊ नका, अंगावरून माप घ्यायला सांगा आणि टेलरसमोर एकदा हात वर करून, एकदा स्टुलावर बसून दाखवा.